बल्क कूलरचा गॅस सारखा का जातो? तांब्याच्या पाइपचा जोड तपासा

दूध संकलन केंद्रातल्या बल्क कूलरमध्ये गॅस भरला तरी महिन्या-दोन महिन्यांत तो पुन्हा संपतो आणि दूध ४ अंशांपर्यंत उतरत नाही. अशा वेळी कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या तांब्याच्या पाइपचे जोड बघावेत. जोडावर तेलकट डाग असेल, साबणाचा फेस लावल्यावर बुडबुडे येत असतील, तर गळती तिथंच.

बऱ्याचदा घाईत तिथं साधं सोल्डर लावलेलं असतं. शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळू लागतं. मशीन चालू असताना हा पाइप चटका बसेल इतका तापतो. सोल्डर लगेच वितळत नाही, पण तापून मऊ पडतं आणि गॅसचा दाब, कॉम्प्रेसरचे हादरे यांनी हळूहळू चिरतं.

चांदी मिसळलेल्या काडीला वितळायला ६०० अंशांहून जास्त लागतात. म्हणून ब्रेझिंगचा जोड इथं टिकतो. आधी लाइनमधला गॅस पूर्ण काढायचा, मग पाइप लालसर होईपर्यंत तापवून काडी टेकवायची. काडी ज्योतीनं नाही, पाइपच्या उष्णतेनं वितळून फटीत शिरली पाहिजे. त्या वेळी पाइपमधून हळू नायट्रोजन सोडला नाही, तर आत काळी खपली धरते आणि पुढं फिल्टर तुंबतो. घाईत हेच राहून जातं.

घरातल्या पाण्याच्या तांब्याच्या पाइपला मात्र सोल्डर पुरतं. पिण्याचं पाणी असेल तर ते बिनशिशाचं हवं.