२९,००० फूट म्हणजे नेमके किती?

एव्हरेस्टची उंची पहिल्यांदा जाहीर झाली ती १८५६ साली. भारतीय सर्वेक्षण खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी दिलेला आकडा होता २९,००२ फूट. या आकड्यामागची एक गोष्ट आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. कलकत्त्याच्या कचेरीत राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं गणित म्हणे बरोब्बर २९,००० वर आलं. पण असा गुळगुळीत आकडा छापला, तर लोकांना वाटेल की यांनी अंदाजपंचे ठोकून दिलंय. म्हणून त्यावर दोन फूट चढवले! गोष्ट कितपत खरी, ते पुढे पाहू. पण तिच्यातली धास्ती मात्र अगदी रास्त आहे. नुसतं २९,००० लिहिलं, तर वाचणाऱ्याने खरी उंची किती ते किती यांच्या दरम्यान समजायची?

ते काढायची रीत सोपी आहे. आकडा ज्या स्थानापर्यंत राउंड केला असेल, त्या स्थानाचं एक एकक घ्यायचं आणि त्याचं निम्मं करायचं. हे निम्मं आकड्यातून वजा केलं की खालची मर्यादा मिळते आणि आकड्यात मिळवलं की वरची. २९,००० हा आकडा जवळच्या हजारापर्यंत दिला असेल, तर हजाराचं निम्मं ५००. म्हणजे खरी उंची २८,५०० पासून २९,५०० पर्यंत कुठेही असू शकते. तोच आकडा जवळच्या शंभरापर्यंत असेल, तर २८,९५० ते २९,०५०. दहापर्यंत असेल, तर २८,९९५ ते २९,००५. आणि जवळच्या फुटापर्यंत असेल, तर २८,९९९.५ ते २९,०००.५. छापलेला आकडा चारही वेळा एकच, पण त्यात लपलेला पट्टा कधी हजार फुटांचा, तर कधी एका फुटाचा.

हा घोळ शेवटच्या शून्यांमुळे होतो. ती शून्यं मोजून आली आहेत की नुसती जागा भरायला ठेवली आहेत, हे आकड्याकडे बघून कळत नाही. म्हणून सोबत सांगावं लागतं की यात सार्थ अंक किती. सार्थ अंक म्हणजे डावीकडच्या पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले, भरवशाचे अंक. २९,००० मध्ये दोन सार्थ अंक असतील, तर भरवसा हजाराच्या स्थानापर्यंत. पाच असतील, तर एककापर्यंत. दशांश चिन्हानंतरच्या शून्यांबाबत ही शंका नसते. २.५ किलो म्हणजे २.४५ ते २.५५ किलो, पण २.५० किलो लिहिलं की पट्टा २.४९५ ते २.५०५ इतका अरुंद होतो. शेवटचं शून्य तिथे मुद्दाम लिहिलेलं असतं, ते फालतू म्हणून खोडू नये.

आता टोकांचं काय? शाळेत आपण निम्मं आलं की वर चढवायला शिकतो. त्या नियमाने २८,५०० जवळच्या हजारापर्यंत राउंड केले, तर २९,००० होतात. म्हणून खालचं टोक पट्ट्यात धरायचं. पण २९,५०० चे होतात ३०,०००. म्हणून वरचं टोक पट्ट्याबाहेर. गणितात हे असं लिहितात:

२८,५०० ≤ उंची < २९,५००

इथे पुष्कळ जण वरची मर्यादा २९,४९९ लिहून मोकळे होतात. उंची २९,४९९.७ फूटही असू शकते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मोजमापात २९,५०० च्या अलीकडची शेवटची संख्या दाखवताच येत नाही, म्हणून मर्यादा २९,५०० च लिहायची आणि चिन्ह ‘पेक्षा कमी’चं वापरायचं. माणसं मोजताना गोष्ट वेगळी. सभेला जवळच्या हजारापर्यंत २९,००० लोक होते असं म्हटलं, तर जास्तीत जास्त २९,४९९ हेच बरोबर, कारण अर्धा माणूस नसतो. वयाचा हिशोब तर आणखी निराळा. ‘मी ३५ वर्षांची’ असं कुणी म्हणतं तेव्हा वय राउंड केलेलं नसतं, वरचे महिने सोडून दिलेले असतात. त्यामुळे तिथे पट्टा ३४.५ ते ३५.५ असा नसून ३५ ते ३६ असा असतो.

सार्थ अंकांत एक खाचही आहे. १,००० हा आकडा एका सार्थ अंकापर्यंत दिला आहे. हजाराचं निम्मं ५००, म्हणून पट्टा ५०० ते १,५०० सांगावासा वाटतो. पण ७०० ही संख्या एका सार्थ अंकापर्यंत राउंड केली, तर ७०० च राहते. हजाराच्या खाली पहिला अंक शतकाच्या स्थानी येतो, म्हणून त्या बाजूला शंभराचं निम्मं घ्यायचं. खरा पट्टा ९५० ते १,५००. १०, १००, १,००० अशा संख्यांपाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात.

राउंड केलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी करताना टोकं उलटसुलट जोडावी लागतात. केटू ८,६११ मीटर, कांचनजुंगा ८,५८६ मीटर; फरक २५. दोन्ही उंची जवळच्या मीटरपर्यंतच्या आहेत. फरक जास्तीत जास्त किती, हे काढायला केटूचं वरचं टोक आणि कांचनजुंगाचं खालचं टोक घ्यायचं: ८,६११.५ − ८,५८५.५ = २६. कमीत कमी फरकासाठी ८,६१०.५ − ८,५८६.५ = २४. प्रत्येक आकड्यात अर्ध्या मीटरचीच सूट होती, फरकात ती एक मीटर झाली. भागाकारातही असंच: उत्तर मोठ्यात मोठं हवं असेल, तर वरचा आकडा मोठा आणि खालचा लहान घ्यायचा.

पण या पट्ट्यालाही मर्यादा आहे. तो फक्त राउंड करताना काय झाकलं गेलं एवढंच सांगतो. मूळ मोजणी चुकली असेल, तर त्याला ते कळत नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९५५ साली एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर दिली. पट्टा ८,८४७.५ ते ८,८४८.५. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केली, म्हणजे आधीच्या पट्ट्याच्या बाहेर. नव्या आकड्याचा पट्टा ८,८४८.८५५ ते ८,८४८.८६५, रुंदी जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणून मोजणीतली चूक एक सेंटिमीटरच्या आत आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता त्या गोष्टीबद्दल. एव्हरेस्टचा वेध सहा ठिकाणांहून घेतला होता. त्यांतून आलेल्या उंची अशा: २८,९९१.६, २९,००५.३, २९,००१.८, २८,९९८.६, २९,०२६.१ आणि २८,९९०.४ फूट. यांची सरासरी येते २९,००२.३. म्हणजे दोन फूट कुणी चढवले नव्हते, ते गणितातूनच आले होते. मात्र सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेधात जवळपास ३६ फुटांचं अंतर होतं, आणि जाहीर झालेल्या आकड्याचा पट्टा होता २९,००१.५ ते २९,००२.५. तेव्हा कुठलाही आकडा हाती आला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: तो कोणत्या स्थानापर्यंत राउंड केला आहे आणि मूळ मोजणी कितपत पक्की आहे. पहिल्याचं उत्तर कागदावर काढता येतं, दुसऱ्याचं मोजणाऱ्यालाच विचारावं लागतं.