पत्र्यावरचा पाऊस विकताना

मुसळधार पाऊस पडत असताना अंगणात माइक लावून पाच मिनिटं टेप करा आणि घरात येऊन ऐका. ऐकू येईल ती कढईत भजी तळल्यासारखी चरचर. एका क्षणात इतके थेंब आपटतात की कानाला एकही थेंब वेगळा सापडत नाही. पावसाचा आवाज म्हणून आपण जे ओळखतो, तो पाऊस ज्यावर पडतो त्याचा आवाज असतो. पत्रा, केळीचं पान, छत्री, डबक्यातलं पाणी. व्हिडिओ करणारे लोक साउंड इफेक्टच्या संकेतस्थळांवर पैसे मोजतात ते अशा ओळखू येणाऱ्या पावसासाठी.

समजा, कोकणातल्या एखाद्या घराच्या पडवीत, पत्र्याखाली, हे काम करायचं आहे. सुरुवातीला हातात मावणारा, दोन माइक बसवलेला रेकॉर्डर पुरतो. सोबत स्टँड, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि माइकवर चढवायचं केसाळ कव्हर हवं. ते वाऱ्यासाठी असतं, पावसासाठी नव्हे. थेंब थेट त्यावर पडला तर ‘धप्प’ असा जाड ठोका उमटतो आणि तो नंतर काढता येत नाही. म्हणून माइक आडोशाला ठेवायचा. उघड्यावर ठेवावाच लागला, तर त्याच्यावर थोडं अंतर सोडून जाड, विरळ विणीचं काहीतरी धरायचं, म्हणजे थेंब त्यात मुरतो आणि टपकत नाही. रेकॉर्डर हातात मात्र धरू नये. बोटांची खसखस पावसापेक्षा स्पष्ट येते.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये करायचं, एमपी३ मध्ये नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर दोन चॅनेलची दहा मिनिटं सुमारे ३४५ मेगाबाइट जागा खातात. इतकी जागा का घालवायची? विकत घेणारा संकलक हाच पाऊस निम्म्या वेगाने वाजवून गुहेतला गडगडाट करू शकतो, आणि तेव्हा वरच्या पट्टीतला तपशील असेल तरच आवाज बोथट होत नाही. पातळी अशी ठेवायची की सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. सर अचानक वाढते आणि पातळी शून्यावर आपटली की आवाज फाटतो. फाटलेली फाइल पुढे कशानेच नीट शिवता येत नाही.

आता स्वच्छतेकडे. पावसात लाइट जाते याचा कोकणात एरवी वैताग येतो, पण या कामात ते वरदान आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे फ्रीज आणि पंख्याची गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्‌झवर बसते. संगणकावर आवाजाचं चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, उघडलं की तिथे आडव्या सरळ रेषा दिसतात. पाऊस सगळीकडे भुरभुर पसरलेला दिसतो. निसर्गात अशी सरळ रेघ क्वचितच असते. मात्र सगळेच दोष चित्रात पकडता येत नाहीत. चाळिसाव्या सेकंदाला आरवलेला कोंबडा एकदा गोड वाटतो, पण संकलक दोन मिनिटांचा तुकडा वीस मिनिटांच्या प्रसंगाखाली फिरवतो, तेव्हा तोच कोंबडा दहा वेळा आरवतो. म्हणून बारा मिनिटं टिपून त्यातली चार शांत, सलग मिनिटं उचलायची आणि फाइलला शोधताना सापडेल असं इंग्रजी नाव द्यायचं:

`Rain_Heavy_TinRoof_Verandah_Konkan.wav`

यानंतर येतो परवान्याचा प्रश्न. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात खरेदीदार एकदाच पैसे देतो आणि मान्य अटींत तो आवाज पुन्हा पुन्हा वापरतो. दर वापराला वेगळं मानधन नाही, एवढंच. मालकी विकणाऱ्याकडेच राहते, आणि आवाज जसाच्या तसा दुसऱ्याला विकायला सहसा मनाई असते. परवाना अनन्य नसेल तर तोच पाऊस चार ठिकाणी विकता येतो.

बार्सिलोनात २००५ साली सुरू झालेल्या फ्रीसाउंडवर हजारो लोक आवाज मोफत देतात. तिथे एखादा आवाज सीसी-झिरो म्हणून टाकला, की तो कोणीही व्यावसायिक कामातही वापरू शकतो, आणि दिलेली सूट परत घेता येत नाही. उलट बीबीसीने २०१८ साली आपले सोळा हजारांहून अधिक इफेक्ट लोकांसाठी खुले केले, ते वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरासाठी. व्यवसायासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. डाउनलोडचं बटण दिसलं म्हणून वापरायला परवानगी आहे असं नाही.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीत साउंड इफेक्ट नोंदवायला परवानगी नाही. कारण उघड आहे: एकाच पावसाचा परवाना घेतलेले शेकडो व्हिडिओ असतात आणि त्या सगळ्यांवर दावा लागला असता.

एक अडचण मात्र विक्रेत्याच्याच पडवीत असते. सर ओसरल्यावर पागोळ्यांचा टपटप आवाज सुरू होतो, बेडूक ओरडतात, टिपायला याहून चांगली वेळ नाही, आणि शेजारच्या घरात लाइट येऊन रेडिओवर चित्रपटगीत लागतं. ते गाणं पार्श्वभूमीला पुसट आलं तरी त्याचे हक्क दुसऱ्याचे. ती फाइल विकायला ठेवता येत नाही. गाणं संपेपर्यंत थांबायचं किंवा माइक उचलून परसात न्यायचा.