दसऱ्याच्या दिवशी दारं लावून

2 ऑक्टोबर 2025 रोजी चिखलीत आपट्याची पानं वाटली जात होती. त्याच दिवशी अलिबाग, पुणे आणि मुंबईत काही मराठी माणसं पांढरे कपडे घालून, पाण्याचा थेंबही न घेता प्रार्थनेला बसली होती. आडनावं विचारलीत तर दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी उत्तरं येतील. ही बेने इस्राएल मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या वर्षातला सर्वांत कडक उपवास, योम किप्पूर, बरोबर दसऱ्याला आला होता. आदल्या वर्षीही तेच झालं होतं. 12 ऑक्टोबर 2024 ला इकडे दसरा, तिकडे योम किप्पूर.

योगायोग? छे! यामागे चंद्र आहे.

ज्यूंचं नवं वर्ष, म्हणजे रोश हशाना, तिश्री महिन्याच्या पहिल्या तिथीला सुरू होतं. तिथून दहाव्या दिवशी योम किप्पूर. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, अगदी आपल्या शुद्ध पक्षासारखा. ऋतू पावसाळा सरतानाचा. मग आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात तेव्हा तिश्रीही सुरू झाला, तर दशमीला दसरा आणि योम किप्पूर एकत्र येणारच. आता गंमत पुढे आहे. बारा चांद्रमासांचं वर्ष सुमारे 354 दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. ही तूट भरून काढली नाही तर सण ऋतू सोडून भटकू लागतात. इस्लामी कालगणना ती भरत नाही, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो तर कधी हिवाळ्यात. आपण अधिक महिना घालतो, आणि ज्यूही घालतात! फक्त तो कुठे घालायचा, याचे नियम वेगळे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, मग तो ज्येष्ठ असो की श्रावण. ज्यूंनी मात्र हिशोब पक्का करून टाकलाय. एकोणीस वर्षांत सात वेळा, आणि दर वेळी वसंताच्या तोंडावरच्या अदार महिन्यालाच जोड. त्यामुळे दोन्ही पंचांगं कधी हातात हात घालून चालतात, तर कधी एक महिनाभर पुढे निघून जातं. 2023 मध्ये योम किप्पूर 25 सप्टेंबरला, गणपतीच्या दिवसांत झाला, आणि दसरा आला थेट 24 ऑक्टोबरला.

हे लक्षात आलं की कोकणातली एक जुनी गोष्ट वेगळीच दिसू लागते. बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज समुद्रात गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकी सारं बुडालं. ते कोणत्या शतकात घडलं यावर अभ्यासक अजून भांडतात, भांडू देत. पण पुढच्या कित्येक पिढ्या ही माणसं गावोगाव तेलाचे घाणे चालवत राहिली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्याकडे हिब्रू पोथी नव्हती, सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह नव्हतं, छापील पंचांग तर सोडूनच द्या. आणि तरीही वर्षाच्या सुरुवातीचे हे दहा दिवस त्यांनी सोडले नाहीत! शेजारीपाजारी तिथी मोजत होतेच. त्याच चंद्रावर यांचेही सण टिकले असावेत, असा अंदाज करायला हरकत नाही.

त्या सणांची नावं ऐका. पहिल्या तिथीला ‘नव्याचा सण’. चौथीला ‘खिरीचा सण’. दहावीला ‘दारफाळणीचा सण’. अकरावीला ‘शिळा सण’. यात हिब्रू अक्षरसुद्धा नाही! हैम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला. हे हस्तलिखित चाळीस वर्षांनी, 1937 मध्ये तेल अवीवमध्ये छापलं गेलं. त्यांनी हे तपशील टिपले नसते तर आज आपल्याला ते कळलेही नसते.

खिरीचा सण मला फार आवडतो. तिसऱ्या तिथीला उपवास, ‘नव्याचा रोजा’. हा दिवस जगभरचे ज्यू गदल्या नावाच्या एका अधिकाऱ्याच्या खुनाच्या स्मरणार्थ पाळतात. कोकणात दुसऱ्या दिवशी नव्या धान्याची खीर, नारळाच्या रसात शिजवलेली, पुढे ऊद जाळलेला, आणि तोंडी ‘शमा’, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना. ही प्रार्थना मात्र हिब्रूच, आणि ती एवढ्या काळात कुणी विसरलं नाही. हळवं भात तयार होण्याचा हाच सुमार, कोकणात इतर घरांतही याच दिवसांत नवं धान्य देवाला दाखवलं जातं. यहुदियात घडलेल्या खुनाचा शोक आणि रायगडातल्या शेतातलं भात एकाच आठवड्यात शेजारी येऊन बसलं!

दहाव्या दिवशी दारं लागत. आदल्या दिवशी सूर्य मावळण्याआधी अंघोळ करून, पांढरे कपडे घालून कुटुंब घरात शिरायचं. मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्यांशी बोलणं नाही, की स्पर्श नाही. अकराव्या दिवशी, शिळ्या सणाला, दारं उघडत, गरिबांना दान दिलं जाई, नातलगांकडे जाणं-येणं होई.

पण दहाच दिवस का? पाच का नाहीत, महिना का नाही? तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या एका शिकवणीनुसार नव्या वर्षाच्या दिवशी देवापुढे तीन वह्या उघडतात. एक पूर्ण सज्जनांची, एक पूर्ण दुर्जनांची. या दोन्हींचा निकाल तिथल्या तिथे लागतो. तिसरी वही मधल्यांची. म्हणजे तुमची, माझी, जवळपास सगळ्यांची! त्यांचा निकाल योम किप्पूरपर्यंत राखून ठेवतात. हे दहा दिवस म्हणजे त्या राखीव निकालाची मुदत.

मुदतीत करायचं काय, हे तर त्याहून विलक्षण. देवाविरुद्ध केलेल्या चुका योम किप्पूरला माफ होतात. पण शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, तर कितीही उपास करा, तो शेजारी राजी होईपर्यंत माफी नाही. देवसुद्धा त्याच्या वतीने माफ करू शकत नाही! बाराव्या शतकातले धर्मशास्त्री मैमोनिदीस यांनी पद्धतच लिहून ठेवली आहे. आधी नुकसान भरून द्या. मग माफी मागायला जा. तो ऐकत नसेल तर त्याच्या तीन मित्रांना घेऊन जा. अशा तीन खेपा करा. तरीही नाही म्हणाला, तर आता दोष त्याचा. आणि ज्याचं वाईट केलं तो मेलाच असेल तर? दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं, त्यांच्यादेखत काय केलं ते बोलून दाखवायचं आणि त्याचं काही देणं असेल तर वारसांना द्यायचं. पश्चात्ताप खरा झाला हे ओळखायचं कसं, याचीही कसोटी त्यांनी दिली आहे. तोच मोह, तीच संधी, अंगात तेवढीच ताकद, आणि तरीही माणूस ते करत नाही. म्हातारपणी शक्ती गेल्यावर सोडलेल्या खोडीला त्यांच्या लेखी पूर्ण गुण नाहीत.

आता येऊ शिंगाकडे, कारण ही सगळी मुदत सुरू झाल्याची खूण शिंगच देतं. शोफार म्हणजे शक्यतो मेंढ्याचं शिंग. मेंढ्याच्या शिंगात मधोमध हाड असतं आणि त्यावर नखांसारख्या पदार्थाचं जाड आवरण. शिंग उकळून किंवा वाळवून ते हाड सैल करतात आणि ओढून काढतात. उरलं पोकळ आवरण. पण टोकाकडचा भाग भरीवच राहतो. तिथे टोक कापून, पोकळीपर्यंत भोक पाडलं, की ओठ लावायची जागा तयार. हरणासारख्या प्राण्याचं फांद्यांचं शिंग इथून तिथून हाडच असतं, त्यामुळे ते बादच. गाईबैलांचं शिंग पोकळ असूनही चालत नाही, कारण त्यावरून पूर्वजांनी केलेल्या सोन्याच्या वासराच्या पूजेच्या पापाची आठवण होते. खटला चालू असताना जुन्या गुन्ह्याचा पुरावा कोण घेऊन जाईल!

देवळातला शंख ज्यांनी फुंकला आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. नुसती हवा सोडली तर फुस्स होतं, ओठ घट्ट धरून थरथरवले की आतली हवा एकदम जागी होते. शोफारला भोकं नाहीत, झडपा नाहीत, वेगळं मुखनळही लावता येत नाही. त्यामुळे सूर मिळतात ते फक्त दोन-तीन, ओठ किती ताणले यावर. शिंगाला लांबीच्या दिशेने चीर गेली तर ते बाद धरतात. चीर बारीक असली तरी कान पकडतो, आवाज फाटका येतो.

एवढ्या तुटपुंज्या सुरांतून वाजवायचं काय? एक लांब सरळ नाद, तेकिया. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. मधला नाद मात्र तोरा या मूळ धर्मग्रंथाने नुसता सांगितला, समजावला नाही. तो रडण्यासारखा असावा हे ठरलं. पण कसलं रडणं? तीन उसासे, की नऊ तुटक हुंदके, की आधी उसासे आणि मग हुंदके? सुमारे सतराशे वर्षांपूर्वी कैसरियाचे रब्बी अबाहू यांनी वाद मिटवला, तोही कुणालाही न हरवता. तिन्ही वाजवा! प्रत्येक प्रकार दोन तेकियांच्या मध्ये, तीन-तीन वेळा. मोजा: उसासे आणि हुंदके दोन्ही असलेल्या एका फेरीत चार नाद, तिचे तीन वेळा बारा. नुसत्या उसाशांचे नऊ, नुसत्या हुंदक्यांचे नऊ. एकूण तीस. एका शंकेतून जन्मलेला हा आकडा पुढे प्रथेने वाढत शंभरावर गेला.

आणखी एक बारकावा. कर्तव्य फुंकण्याचं नाही, ऐकण्याचं आहे. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात नियम आहे, की कुणी खड्ड्यात किंवा विहिरीत शिंग फुंकलं आणि तुमच्या कानी फक्त प्रतिध्वनी आला, तर ते ऐकणं धरलं जात नाही. उलट सिनेगॉगच्या मागच्या रस्त्याने जाताना मूळ आवाज कानी पडला आणि तुम्ही मन लावून ऐकलात, तर झालं कर्तव्य पूर्ण.

म्हणजे एकत्र जमून शिंग ऐकायला जागा हवी. मुंबईत ती 1796 मध्ये झाली. सॅम्युएल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि मांडवीत शहरातलं पहिलं सिनेगॉग उभं केलं. पुढे कोचीनहून शिक्षक आले, हिब्रू प्रार्थना आणि पोथ्या आल्या, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी त्या प्रार्थना मराठीत आणल्या. 1848 मध्ये अलिबागलाही सिनेगॉग झालं. दारफाळणीची बंद दारं उघडली आणि लोक घरातून उठून एका छपराखाली आले. आता उपवासाची अखेर घरातल्या अंधारावर नव्हे, शिंगाच्या एका लांब तेकियावर होऊ लागली.

2026 मध्ये रोश हशाना 12 सप्टेंबरला आहे, आणि त्या दिवशी बहुतेक सिनेगॉगांत शिंग वाजणार नाही. शनिवार आहे ना! शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, वाद्य वाजवण्याचीच अडचण असेल असं वाटतं, पण तालमूदने दिलेलं कारण भलतंच मानवी आहे. एखाद्याला नीट फुंकता येत नसेल, तो शिकायला म्हणून शिंग उचलून जाणकाराच्या घराकडे निघेल, आणि शब्बाथला रस्त्यावरून वस्तू वाहून नेण्याचा नियम मोडेल. एका होतकरू शिकाऊच्या धास्तीने अख्ख्या समाजाचं शिंग एक दिवस गप्प! ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी रविवारी, 13 तारखेला जावं. सोमवारी गणपती येतायत.