टेंडर, ठेकेदार आणि हायकोर्ट : न्यायालय कुठवर हात घालतं?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सातारा-सांगली भागात एखाद्या गावचा रस्ता किंवा पाण्याची टाकी मंजूर होते, टेंडर निघतं, आणि मग काही महिने काहीच हलत नाही. चौकशी केली की उत्तर येतं, "मॅटर कोर्टात आहे." ज्याचं टेंडर नाकारलं गेलं तो ठेकेदार म्हणतो, माझ्यावर अन्याय झाला. गावकरी म्हणतात, तुमची भांडणं तुम्ही बघा, आमचा रस्ता कधी होणार? या दोघांच्या मध्ये न्यायालय उभं असतं. ते नेमकं काय तपासतं आणि काय तपासत नाही, एवढंच आज आपण समजून घेऊ.

आधी एक प्रश्न. मी माझ्या घराचं काम कोणाला द्यावं हे मला कोणी विचारत नाही. जवळच्या पाहुण्याला दिलं तरी चालतं. मग सरकारला का विचारायचं? कारण पैसा लोकांचा आहे, आणि राज्यघटनेचं कलम १४ सांगतं की राज्यसंस्थेने सर्वांना समान वागवलं पाहिजे. काम वाटणं हीसुद्धा राज्यसंस्थेची कृती आहे. म्हणून जिल्हा परिषद असो, महापालिका असो की पाटबंधारे महामंडळ, त्यांच्या टेंडरच्या निर्णयाविरुद्ध कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका करता येते. सातारा आणि सांगलीच्या लोकांना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि आपले दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले.

आता ज्या खटल्यावर हे सगळं उभं आहे तो बघू. तो मुंबईचाच आहे.

जानेवारी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने सांताक्रूझ विमानतळावर एक दुय्यम दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार तीन वर्षं चालवायला देण्यासाठी टेंडर मागवलं. अट होती की अर्जदार नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलचालक असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. सहा टेंडरं आली. सर्वात जास्त लायसन्स फी, म्हणजे महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे, देणाऱ्याला काम मिळालं. अडचण एवढीच की तो हॉटेलचालक नव्हता. त्याला कॅन्टीन चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव होता, पण नोंदणीकृत हॉटेल नव्हतं.

रमणा दयाराम शेट्टी नावाच्या गृहस्थांनी याला आव्हान दिलं. त्यांनी स्वतः टेंडर भरलेलंच नव्हतं! त्यांचं म्हणणं असं : मीसुद्धा हॉटेलचालक नाही, म्हणून मी अर्ज केला नाही. अट सैल होणार हे आधी माहीत असतं तर मीही अर्ज केला असता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे १९७९ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सांगितलं की प्राधिकरणाने जी अट स्वतः जाहीर केली, ती त्याच्यावरही बंधनकारक आहे. जाहिरातीत एक आणि निवड करताना दुसरं असं चालणार नाही. कारण अट वाचून जे लोक घरी बसले, त्यांची संधी गेली.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की शेट्टी जिंकले. नाही, शेट्टी हरले. आणि हाच भाग वर्गात बऱ्याचदा सांगायचा राहून जातो.

का हरले ते नीट बघा. टेंडर स्वीकारलं गेलं १९ एप्रिल १९७७ ला. याचिका दाखल झाली ८ नोव्हेंबरला. मधल्या साडेसहा महिन्यांत ज्याला काम मिळालं त्याने तयारीवर सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते. शिवाय कोर्टाला असं दिसलं की शेट्टींना या कामात खरा रस नाही, आधीच्या ठेकेदाराच्या वतीने त्यांना पुढे केलं गेलंय. तेव्हा कोर्ट म्हणालं, निर्णय चुकीचा आहे, पण तो रद्द करणार नाही. म्हणजे बेकायदेशीरपणा सिद्ध होणं ही एक पायरी आणि दाद मिळणं ही दुसरी. दोन्ही वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवा.

पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात कोर्टाने स्वतःची मर्यादा स्पष्ट केली : आम्ही निर्णय कसा घेतला गेला हे बघू, निर्णय शहाणपणाचा आहे का हे बघणार नाही. कोणता पंप चांगला, कोणत्या ठेकेदाराला अनुभव पुरेसा, हे इंजिनीअरने ठरवायचं. न्यायाधीश त्या खुर्चीत बसून नवीन निवड करणार नाहीत. मग २००६ मध्ये जगदीश मंडल खटल्यात हे दोन प्रश्नांत बसवलं. पहिला प्रश्न : निर्णय दुष्ट हेतूने किंवा कोणाला तरी फायदा करून देण्यासाठी घेतला का, किंवा तो इतका मनमानी आहे का की कोणताही जबाबदार अधिकारी असा निर्णय घेऊच शकला नसता? दुसरा प्रश्न : त्यामुळे सार्वजनिक हिताला धक्का बसतो का? दोन्हीचं उत्तर "नाही" असेल तर कोर्टाने हस्तक्षेप करायचा नाही.

आता एक शंका येईल. शेट्टी खटल्यात अट मोडली हे स्पष्ट होतं. पण अटीचा अर्थच दोन प्रकारे लागत असेल तर? त्याचं उत्तर नागपूरने दिलं. नागपूर मेट्रोच्या उड्डाणमार्गाच्या टेंडरमध्ये मेट्रो कामाचा अनुभव मागितला होता. एका संयुक्त गटाने चीनमधल्या शहरांना जोडणाऱ्या जलद रेल्वेच्या कामाचा अनुभव दाखवला. मेट्रो महामंडळ म्हणालं, हा मेट्रोचा अनुभव नाही, तुम्ही अपात्र. हायकोर्टाला तो अनुभव अटीत बसतो असं वाटलं. सप्टेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला. ज्याने टेंडर लिहिलं त्याला त्याचा अर्थ सर्वात चांगला कळतो. तुम्हाला दुसरा अर्थ जास्त पटत असला तरी, लिहिणाऱ्याचा अर्थ दुष्ट हेतूचा किंवा पूर्ण विपरीत नसेल तर तोच मानायचा.

दोन्ही खटले शेजारी ठेवा म्हणजे रेषा दिसते. अट स्पष्ट आहे आणि कार्यालयाने एकासाठी ती गुपचूप सोडली, तर कोर्ट बघतं. अटीला दोन अर्थ आहेत आणि कार्यालयाने त्यातला एक सगळ्यांना सारखा लावला, तर कोर्ट सहसा बाजूला राहतं.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. समजा जत तालुक्यातल्या एका रस्त्याचं टेंडर ऑनलाइन निघालं. दोन लिफाफे : पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. अट आहे की गेल्या पाच वर्षांत अशा प्रकारचं एक काम पूर्ण केल्याचा दाखला हवा. तीन ठेकेदार आले. 'क' चा दाखला सुरू असलेल्या कामाचा आहे, पूर्ण झालेल्याचा नाही, म्हणून त्याला तांत्रिक लिफाफ्यातच बाद केलं. त्याचा दराचा लिफाफा उघडलाच नाही. 'क' कोर्टात जातो आणि म्हणतो, माझा दर वीस लाखांनी कमी होता, सरकारचा पैसा वाचला असता.

हा युक्तिवाद चालेल का? सहसा नाही. पात्रता आधी, दर नंतर. जो पात्रच नाही त्याच्या कमी दराने सार्वजनिक हित सिद्ध होत नाही. अर्धवट अनुभवाच्या ठेकेदाराचा स्वस्त रस्ता पहिल्या पावसाळ्यात उखडला तर महागच पडतो.

पण समजा 'क' ने कागद काढून दाखवले की काम मिळालेल्या 'अ' चा दाखलासुद्धा सुरू असलेल्याच कामाचा होता, आणि तो मात्र चालवून घेतला. आता चित्र पालटलं. एकच अट एकाला लावली, दुसऱ्याला नाही. मघाचा शेट्टी खटला आठवा. इथे 'क' ने आपला दर किती कमी होता हे ओरडून सांगण्यापेक्षा हा एक कागद पुढे ठेवला तर त्याची बाजू मजबूत होते.

तरीही त्याला तिसरा अडथळा आहे, वेळेचा. तांत्रिक मूल्यांकनाचा निकाल पोर्टलवर लागला की लगेच लेखी हरकत घ्यायची, आणि कार्यादेश निघायच्या आत कोर्टात जायचं. 'अ' ला प्रतिवादी करायला विसरायचं नाही, कारण त्याचं म्हणणं न ऐकता त्याचं काम काढून घेता येत नाही. खडी पडली, रोलर फिरला आणि मग याचिका आली, तर कोर्ट आधी विचारणार : इतके दिवस कुठे होता?

काम थांबवणं आता आणखी अवघड झालंय. २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायद्यात कलम २०-अ आलं. रस्ते, पाणीपुरवठा, सिंचन अशा पायाभूत प्रकल्पांच्या कराराबाबतच्या दाव्यात, मनाई हुकुमामुळे प्रकल्प रखडणार असेल तर न्यायालयाने तो देऊ नये असं ते सांगतं. २०२२ मध्ये झारखंडमधल्या एका रस्त्याच्या टेंडरवरून झालेल्या एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की रिट ऐकणाऱ्या हायकोर्टांनीही हे ध्यानात ठेवावं. टेंडर देणं चुकीचं आढळलं तरी काम अडवण्याऐवजी अन्याय झालेल्याला नुकसानभरपाईकडे वळवावं. गावकऱ्यांच्या बाजूने हे बरं आहे, पण छोट्या ठेकेदाराच्या बाजूने बघा. भरपाईसाठी वेगळा दावा, वर्षानुवर्षांच्या तारखा, आणि नुकसान किती झालं हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावरच. या तराजूत त्याचं पारडं हलकं पडतं, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

जतच्या पलीकडे, सीमा ओलांडली की कर्नाटकात यासाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात टेंडरच्या निर्णयाविरुद्ध आधी अपील करायची सोय आहे. आपल्याकडे मुख्यतः शासन निर्णय, टेंडरच्या अटी आणि मग थेट हायकोर्ट असा रस्ता आहे. हायकोर्ट हात आखडता घेतं, आणि त्याच्याआधीची पायरी कच्ची आहे. म्हणून तक्रार खरी असूनही ती ऐकणारं दार कधीकधी सापडत नाही.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न, उत्तर वहीत लिहा. वरच्या उदाहरणात 'अ' ने रस्त्याचं अर्धं काम केलंय, आणि 'क' ने हरकत वेळेत घेतली होती पण कार्यालयाने तिला दोन महिने उत्तरच दिलं नाही. तुम्ही न्यायाधीश असता तर जगदीश मंडलचे दोन प्रश्न लावून काय निकाल दिला असता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक आणि दुसऱ्याचं वेगळं येतंय का, ते बघा. तसं आलं तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.