लस काम करू लागेपर्यंतचा आठवडा

कुत्रा चावला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'इंजेक्शनं किती घ्यावी लागतील?' पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून गेलेली नाही. खरं तर ती जुनी लस 2005 पासून भारतात वापरातच नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: लस टोचली तरी ती काम करू लागेपर्यंत जखमेतल्या विषाणूचं काय?

लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं, पण ती पुरेशी व्हायला सात ते चौदा दिवस जातात. तोवर रेबीजचा विषाणू जखमेच्या आसपासच्या स्नायूत असतो आणि तिथून मज्जातंतूच्या टोकात शिरायला बघतो. एकदा शिरला की तो तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो आणि तिथे प्रतिपिंडांचा फारसा इलाज चालत नाही. लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात. चेहरा, डोकं आणि बोटं इथल्या चाव्यांत मात्र हा अवधी कमी असू शकतो, कारण तिथे मज्जातंतूंची दाटी असते आणि चेहऱ्यापासून मेंदू तर अगदी जवळ.

समजा, 15 किलो वजनाच्या चार वर्षांच्या मुलीला कुत्रा चावला. गालावर दोन दात रुतले आहेत आणि एक बोट फाटलं आहे. तिला घेऊन दवाखान्याकडे धावण्याआधी तिला नळाखाली धरायला हवं. वाहतं पाणी, साधा अंगाचा साबण आणि घड्याळ लावून 15 मिनिटं. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. हळद, चुना, मिरचीपूड यातलं काहीही लावू नये. जखम चिडते आणि नंतर धुणंही अवघड होतं. धुवायचं राहून गेलं असेल तर काही तासांनी का होईना, धुवावं.

त्वचा फाटून रक्त आलं आहे, म्हणजे ही तिसऱ्या श्रेणीची जखम. इथे लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दवाखान्यातल्या बोलीत 'सीरम', लागतंच. ही आयती तयार प्रतिपिंडं असतात. घोड्यापासून केलेलं सीरम किलोमागे 40 युनिट, म्हणून हिला 600. एका मिलीलीटरमध्ये 300 युनिट असलेल्या कुपीतून ते 2 मिलीलीटर भरतं. मानवी सीरम किलोमागे 20 युनिट, पण कुपीत मिलीलीटरला 150 असतात, म्हणून तेही 2 मिलीलीटरच.

हे औषध दंडात टोचायचं नसतं, ते थेट जखमेत आणि तिच्या कडांभोवती भरायचं असतं. चूक होते ती इथेच. गालाची जखम दिसते, पण केसांत दडलेला दाताचा व्रण राहून जातो आणि तेवढी एक वाट विषाणूला मोकळी राहते. म्हणून आई-वडिलांनी मुलाचं सगळं अंग, डोक्याचे केस बाजूला सारून, तपासावं आणि डॉक्टरांना प्रत्येक ओरखडा दाखवावा. बोटात जागा थोडी, तिथे औषध जपून भरतात, नाहीतर दाबाने रक्तपुरवठा अडतो. जखमा जास्त असल्या तर सीरममध्ये सलाइन मिसळून पुरवतात, डोस मात्र वाढवत नाहीत. जास्त सीरमने लशीचाच परिणाम मंदावतो. टाके शक्यतो टाळतात, आणि घालावेच लागले तर सीरमनंतर आणि सैल.

लस मात्र दंडातच, कुल्ल्यात कधीच नाही. लहान बाळाला मांडीच्या पुढच्या भागात देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत टोचतात: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दरवेळी दोन जागी थोडी थोडी. स्नायूत टोचायची असेल तर 14 वा दिवस धरून पाच इंजेक्शनं होतात. शून्यावा दिवस म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस, चावल्याचा नव्हे.

तालुक्याच्या ठिकाणी लस असते आणि सीरम नसतं, असं होऊ शकतं. मग सीरमसाठी लस थांबवू नये. ती आजच घ्यावी आणि सीरम लवकरात लवकर, जास्तीत जास्त पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत गाठावं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागतात आणि सीरम देण्यात अर्थ उरत नाही. मधला एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, राहिलेला डोस लगेच घेऊन पुढे जायचं. आणि चावून महिना उलटला, उपचार काहीच झाले नाहीत, पण लक्षणंही नाहीत, तर? तरीही लस आणि सीरम दोन्ही घ्यायचं. उशीर झाला म्हणून घरी बसणं सगळ्यात वाईट, कारण लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष जरूर ठेवा, पण उपचार सुरू करून मग. आणि डोसांच्या तारखा लिहिलेला कागद जपून ठेवा. पुन्हा कधी कुत्रा चावला, तर पूर्ण कोर्स झालेल्याला सीरम लागत नाही. जखम धुवायची आणि 0 व 3 या दोन दिवशी लस घ्यायची, एवढं पुरतं.