चावलं कोण? ढेकूण, पिसू की डास

समजा, नवरा-बायको एकाच पलंगावर झोपतात. सकाळी बायकोच्या दंडावर तीन लाल गाठी दिसतात, जवळजवळ एका रेषेत, आणि मानेवर आणखी दोन. नवऱ्याच्या अंगावर काहीच नाही. डासच असणार, असं म्हणून मच्छरदाणी लावली, तरी चार दिवसांनी नव्या गाठी आल्या.

डास चावला की बहुधा काही मिनिटांतच फुगीर गांध उठते, खाजते आणि बऱ्याचदा त्याच दिवशी ओसरते. काहींना मात्र दुसऱ्या दिवशी टणक गाठ येते. अशा खुणा उघड्या अंगावर विखुरलेल्या असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, त्यामुळे खूण रात्रीचीच असेल असंही नाही.

ढेकणाचं तंत्र वेगळं. त्याच्या लाळेत त्वचा बधिर करणारे पदार्थ असतात, म्हणून पाच-दहा मिनिटं तो रक्त पीत असला तरी झोपमोड होत नाही. गाठ उशिरा येते: कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आणि पहिल्यांदाच चावला असेल तर तब्बल दोन आठवड्यांनीही. त्यामुळे आजची गाठ मागच्या आठवड्यातल्या लॉजमधली असू शकते. चेहरा, मान, हात असा झोपेत उघडा राहणारा भाग त्याला सोयीचा. तीन-चार गाठींची रांग ही त्याची प्रसिद्ध खूण, पण नेहमी दिसेलच असं नाही, आणि रांग दिसली म्हणजे ढेकूणच असंही नाही. शिवाय काहींच्या त्वचेवर काहीच उमटत नाही. आपला नवरा त्यातलाच असेल, तर त्याच्या कोऱ्या अंगावरून ढेकूण नाहीत असं ठरवता येत नाही.

पिसू बहुतेक वेळा कुत्र्या-मांजराबरोबर घरात येते. ती जमिनीवरून उडी मारते, म्हणून घोटे आणि पोटऱ्यांवर लहान, झुबक्यांनी आलेले ठिपके दिसतात. मधोमध बारीक टोचल्याची खूण असते आणि खाज लगेच सुटते. शंका असेल तर पांढरे पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढून खोलीत फिरा. पिसवा असतील तर मोज्यांवर काळे टिपके उड्या मारताना दिसतील.

या जोडप्याच्या बाबतीत दंड आणि मान सांगतात की पिसूची शक्यता कमी. मच्छरदाणीतही गाठी आल्या म्हणजे डासावरचा संशयही घटला. आता त्वचा पुरे, पलंग तपासायचा. टॉर्च घेऊन गादीची शिवण, उशाकडच्या फळीमागची फट आणि खिळ्यांची भोकं बघा. शाईसारखे काळे ठिपके, पिवळट कात, पांढरी बारीक अंडी शोधा. काळा ठिपका ओल्या कापसानं पुसल्यावर तांबूस-काळा फराटा उठला, तर ती ढेकणाची विष्ठा असण्याची शक्यता मोठी. जिवंत ढेकूण चिकटपट्टीवर पकडला, की वाद मिटतो.