दोन तासिका आणि आठ बल्ब

सहावीच्या वर्गाला विद्युत परिपथ कृतीतून शिकवायचा आहे. वर्गात चाळीस मुले, तासिका पस्तीस मिनिटांची. साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यातच दहा-बारा मिनिटे जातात आणि बल्ब पेटायच्या आत घंटा होते. म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज करायचा. पण ‘जादा वेळ व साहित्य मिळावे’ एवढेच लिहिले, तर तो अर्ज फाइलीतच राहतो.

वेळ कुठून येणार, हे शिक्षकानेच सुचवावे. ‘बुधवारची माझी चौथी तासिका चित्रकलेच्या शिक्षकांना देऊन त्यांची शुक्रवारची सहावी घेतो, त्यांची संमती आहे. म्हणजे शुक्रवारी पाचवी-सहावी सलग मिळेल. असे तीन आठवडे चालावे.’ एवढे लिहिले की मुख्याध्यापकांना फक्त सही करायची उरते.

साहित्यही मोजून मागावे. पाच मुलांचा एक, असे आठ गट. प्रत्येक गटाला दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा एक बल्ब, मीटरभर वायर. सेल मात्र चार जास्तच मागावेत. कुठल्या तरी गटात वायर सेलच्या दोन्ही टोकांना थेट जोडली जातेच. वायर तापते आणि सेल लवकर उतरतो. हे कारण अर्जात लिहावे, नाहीतर नेमके तेच चार सेल खोडले जातात.

सोबत दुकानाचे दरपत्रक जोडावे. शाळा अनुदानातून खर्च करायचा, तर मुख्याध्यापकांना तोच कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येतो. अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या आणि पोच घ्या.